पोटालाही पळायला शिकवावं लागतं

कॉम्रेड्स मॅरेथॉनच्या निम्म्या वाटेवर ड्रमंड नावाचं छोटं गाव लागतं. ते ओलांडून बोथाज् हिलचा चढ सुरू झाला आणि आमच्या गटातल्या ताई रस्त्याच्या कडेला बसल्या. पाय ठीक होते. श्वास ठीक होता. पट्ट्याच्या खिशात सात जेल आणि मिठाच्या गोळ्यांची अर्धी डबी शिल्लक होती. तरी एक पाऊल पुढे टाकवत नव्हतं, कारण गेल्या तासाभरात त्या तीनदा ओकल्या होत्या आणि पाण्याचा घोटही पोटात ठरत नव्हता. थोड्या वेळाने मागून आलेल्या गाडीत त्यांना बसवून घेतलं गेलं. पुण्याला परतल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, मला जेल सोसतच नाही. मी आपली खजूर-चिक्कीवाली."

हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता त्यावर माझा विश्वास बसत नाही. जेल सोसत नाही असं म्हणणाऱ्या दहांपैकी बहुतेकांनी पोटाला ती कधी शिकवलेलीच नसते. ताईंचंही तसंच होतं. पुढच्या वर्षी त्या पुन्हा गेल्या. मधल्या दहा आठवड्यांत जे केलं, त्याचीच ही हकीकत.

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमध्ये ही शर्यत १९२१ पासून होते. एका वर्षी समुद्राकडून वर, दुसऱ्या वर्षी वरून समुद्राकडे, असा साधारण क्रम असतो. अंतर वर्षागणिक थोडं बदलतं, पण ८७ ते ९० किलोमीटर धरायचं आणि वेळ मिळतो बारा तास. महाराष्ट्रातून दरवर्षी बरीच मंडळी तिथे जातात. आपण इथे ज्या दोन वस्तूंबद्दल बोलणार आहोत, त्या दोन्हींचा या रस्त्याशी जुना संबंध आहे. धावता धावता पिळून खायची साखरेची पुडी १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत रूढ होऊ लागली. ही शर्यत नऊ वेळा जिंकणारे ब्रूस फोर्डाइस आणि डॉक्टर टिम नोक्स यांची नावं त्या सुरुवातीशी जोडलेली आहेत. याच नोक्स यांनी पुढे मीठ-पाण्याच्या बाबतीत धोक्याची घंटा वाजवली. तिच्याकडे नंतर येऊ.

आधी हिशेब. सपाटीवर धावताना माणसाला दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे ढोबळमानाने एक कॅलरी लागते. ताईंचं वजन ५८ किलो. ८८ किलोमीटरला पाच हजारांच्या वर कॅलरी झाल्या. यकृत आणि स्नायूंमध्ये मिळून साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, सुमारे दोन हजार कॅलरींची. चरबी भरपूर असते, पण ती हळू जळते आणि ती जळतानाही थोडी साखर लागतेच. साखर संपली की जे होतं त्याला धावणारे 'वॉल लागली' म्हणतात. पाय शिशाचे होतात, डोकं रिकामं होतं, आणि समोरची टेकडी बघून उगाच रडू येतं. ते टाळायचं तर वाटेत खावं लागतं. तासाला ५० ग्रॅम साखर खाल्ली तर २०० कॅलरी मिळतात, म्हणजे दहा तासांत दोन हजार. दुसरी टाकी भरल्यासारखंच.

जेल म्हणजे दुसरं काही नाही, घट्ट पाक. एका पुडीत साधारण २० ते २५ ग्रॅम कर्बोदकं असतात. त्यात बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे ग्लुकोजच्या छोट्या साखळ्या, आणि जोडीला फ्रुक्टोज, म्हणजे फळांमधली साखर. माल्टोडेक्स्ट्रिन वापरतात कारण ते फारसं गोड लागत नाही. तेवढंच ग्लुकोज नुसतं घातलं तर दुसऱ्या पुडीलाच तोंड मिटून जाईल.

आता ही साखर तोंडातून पोटात गेली, म्हणजे रक्तात गेली असं नाही. लहान आतड्याच्या भिंतीत तिला आत घेणारी दारं आहेत. ग्लुकोजचं दार वेगळं, फ्रुक्टोजचं वेगळं. ग्लुकोजच्या दारातून तासाला जेमतेम ६० ग्रॅम आत जातं. त्यापुढे कितीही ओता, रांग लागते. फ्रुक्टोजचं दार वेगळं असल्याने दोन्ही मिसळून घेतली तर तासाला ९० ग्रॅमपर्यंत मजल जाते. नेदरलँड्सचे आस्कर युकेनड्रुप यांनी सायकलपटूंवर केलेल्या प्रयोगांतून हे नीट समजलं आणि जेलच्या पुड्यांवर दोन साखरांचं प्रमाण छापून येऊ लागलं. गंमत अशी की आपली साधी साखर हा मुळातच ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचा निम्मा-निम्मा जोड आहे. लिंबू सरबताला कुणी 'ड्युअल सोर्स कार्बोहायड्रेट' म्हणत नाही एवढंच.

ग्लुकोजच्या दाराची आणखी एक खोड आहे. ते एकट्या ग्लुकोजला उघडत नाही, सोबत सोडियम लागतं. दोघं हात धरून आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. जुलाब झालेल्या मुलाला साखर-मीठ-पाणी देतात ते याच कारणाने. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथे, कॉलरा पसरला असताना सलाइनच्या बाटल्या संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंख्य जीव वाचवले, तेही याच दाराच्या जोरावर. धावपटूच्या पट्ट्यातली चकचकीत पुडी आणि सरकारी दवाखान्यातलं ओआरएसचं पाकीट यांचं शरीरशास्त्र एकच आहे.

मग ताई ओकल्या का?

धावताना रक्त पायांकडे आणि घाम काढण्यासाठी कातडीकडे धावतं. पोट-आतड्यांचा रक्तपुरवठा घटतो, आणि जोर फार लावला तर तो नेहमीच्या काही अंशांवर येतो. त्या अर्धवट झोपलेल्या आतड्यावर घट्ट पाक जाऊन पडतो. ४० ग्रॅमच्या पुडीत २५ ग्रॅम साखर म्हणजे साठ टक्क्यांच्या वरचं द्रावण. आतडं सहज पचवतं ते सहा ते आठ टक्क्यांचं. एका जेलला तेवढं पातळ करायचं तर जवळजवळ ३०० मिलिलिटर पाणी हवं. पाणी न पिता जेल गिळली तर जठर ती खाली सोडत नाही, आणि सोडलीच तर आतडं ती पातळ करायला शरीरातलंच पाणी ओढून घेतं.

ताईंची शर्यतीची सकाळ मी त्यांच्याकडून तासातासाने वदवून घेतली. सरावात त्यांनी कधी तीन-चार तासांच्या धावण्यात एक-दोनपेक्षा जास्त जेल घेतल्या नव्हत्या, म्हणजे तासाला दहा ग्रॅमच्या आसपास. डर्बनच्या प्रदर्शनात कुणी सांगितलं, दर अर्ध्या तासाला एक जेल घ्या. त्यांनी तिथेच नवी पेटी घेतली. ही वेगळ्या चवीची आणि आधी कधी न चाखलेली. दोन जेलचे तासाला ५० ग्रॅम. शिवाय प्रत्येक स्टॉलवर पाण्याऐवजी एनर्जी ड्रिंक, अर्धा लिटर तासाला, त्याची ३० ग्रॅम साखर आणखी. झाले ८०. दहाची सवय असलेल्या पोटावर ८० चा मारा. त्यात पायात गोळे येऊ नयेत म्हणून तासाला दोन मिठाच्या गोळ्या, त्याही कोरड्या गिळलेल्या. गोळी जठरात विरघळते तेव्हा त्या जागी समुद्राहून खारट डबकं तयार होतं आणि मळमळायला तेवढं पुरतं. चार तास पोटाने हे सहन केलं, त्याचंच मला नवल वाटतं.

आतडं शिकतं का? शिकतं. साखर जास्त खायला लागलं की काही दिवस-आठवड्यांत ग्लुकोजची दारं संख्येने वाढतात. जठरही मोठ्या घोटांना सरावतं आणि लवकर रिकामं व्हायला लागतं. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात रिकार्डो कोस्टा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात धावपटूंना दोन आठवडे धावता धावता जेल खायला लावली. अखेरीस त्यांची पोटाची कुरकूर कमी झाली आणि न शोषली गेलेली साखरही घटली. न शोषलेली साखर मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात, त्यातून हायड्रोजन निघतो आणि तो श्वासात मोजता येतो. आपल्याकडे ते यंत्र नसलं, तरी तोच वायू पोट फुगवून आपल्याला कळवतोच.

कॉम्रेड्स जूनमध्ये असते. आम्ही मार्चच्या शेवटी सुरुवात केली. लक्ष्य ठरवलं तासाला ५० ग्रॅम. ताईंना ९० हवे होते, कारण यूट्यूबवर सगळे ९० सांगत होते. पण ९० ग्रॅम तासाला हे वेगवान, मोठ्या चणीच्या स्पर्धकांचं गणित आहे. अकरा तास चालत-पळत जाणाऱ्या माणसाची तेवढी साखर जळतच नाही. जी जळणार नाही ती पोटात घालून तिथे भांडण का लावायचं?

पहिले दोन आठवडे काम अगदी साधं होतं. रविवारच्या तीन तासांच्या धावण्यात तासाला एक जेल, आणि गुरुवारी सकाळच्या सव्वा तासात एक. प्रत्येक जेल साध्या पाण्यासोबत घ्यायची, दोन-तीन घोटांत दीडशे ते दोनशे मिलिलिटर, आणि उरलेलं पाणी पुढच्या दहा मिनिटांत. पुडी एकदम गिळायची नाही, दोन-तीन मिनिटांत थोडी थोडी. जेलसोबत एनर्जी ड्रिंक नाही. धावून आल्यावर वहीत मळमळ, पोट फुगणं आणि कळ यांना शून्य ते दहा गुण द्यायचे. ताई बँकेत नोकरीला, त्यामुळे वही सुरेख झाली.

तिसऱ्या आठवड्यात दर चाळीस मिनिटांना एक जेल, म्हणजे तासाला ३७-३८ ग्रॅम. पहिल्याच रविवारी तिसऱ्या तासात पोट ढोलासारखं झालं. वहीत लिहिलं: फुगणं ६, मळमळ १. या दोन आकड्यांमधला फरक महत्त्वाचा आहे. पोट वर डुचमळत असेल, ढेकरा येत असतील, मळमळत असेल, तर माल जठरातच अडकलाय. द्रावण फार घट्ट झालं, नाहीतर वेग फार ठेवला. तेव्हा वेग कमी करावा, दहा-पंधरा मिनिटं साखर थांबवावी आणि नुसत्या पाण्याचे छोटे घोट घ्यावेत. पण मळमळ नाही आणि खाली गुबारा, कळ, शौचाची घाई असेल, तर साखर आतड्यात पोचली आहे पण आत घेतली गेलेली नाही. इथे पाणी वाढवून फायदा नाही. प्रमाण एक पायरी उतरवायचं, किंवा फ्रुक्टोज कमी असलेली जेल बघायची. काही जणांचं फ्रुक्टोजशी मुळातच जमत नाही.

ताईंच्या बाबतीत कारण तिसरंच निघालं. शनिवारी रात्री त्या मोड आलेल्या मटकीची उसळ खाऊन झोपल्या होत्या. तंतुमय पदार्थ आतड्यात आधीच बसलेले होते आणि त्यांच्यावर साखर जाऊन आंबली. पुढच्या शनिवारी पांढरा भात, बटाटा आणि थोडं दही. जेलचं प्रमाण आम्ही मुद्दाम तेच ठेवलं, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फुगण्याचे गुण दोनवर आले. तेव्हापासून लांब पल्ल्याच्या आदल्या दिवशी उसळ, कोशिंबीर आणि भाकरीला सुट्टी. आरोग्याच्या सगळ्या सल्ल्यांच्या उलटं, पण फक्त त्या एक-दोन दिवसांपुरतं.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात अर्ध्या तासाला एक जेल. पन्नासचा आकडा गाठला. इथे सिंहगडाच्या रस्त्याने एक धडा दिला. चढ चढताना नाडी वर गेली की पोट संपावर जातं, आणि नेमकी त्याच वेळी घड्याळाने जेलची आठवण केली की मळमळलंच समजा. त्यामुळे नियम असा झाला की घड्याळ मार्गदर्शक, पण रस्ता मालक. मोठ्या चढाच्या आधीच्या सपाटीवर खायचं, पाच मिनिटं पुढे-मागे झालं तरी चालेल. घाटात चालताना मात्र नाडी उतरलेली असते, तेव्हा खायला हरकत नाही.

सातव्या आठवड्यात रंगीत तालीम झाली, पन्नास किलोमीटरची. पहाटे अडीचला उठून न्याहारी. डर्बनच्या हॉटेलात पोहे मिळणार नव्हते, म्हणून ताईंनी पुण्यातच पाव-जॅम आणि केळं खायची सवय लावली. चार पावांचे तुकडे, जॅम आणि एक केळं मिळून शंभरेक ग्रॅम कर्बोदकं होतात, तीन तास आधी खाल्ली तर सुरुवातीपर्यंत पोट हलकं असतं. साडेपाचला पळायला सुरुवात. पाचव्या तासाला त्यांनी नवव्या जेलकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आता मला हे गुळचट काही दाखवू नका, नाहीतर टेकडीवरून फेकून देईन."

हा पोटाचा बिघाड नव्हे, जिभेचा कंटाळा आहे, आणि अकरा तासांच्या शर्यतीत तो येणारच. तो येण्याआधी खारट आणि चावायचं काहीतरी हाताशी हवं. मीठ लावलेला उकडलेला बटाटा कॉम्रेड्सच्या वाटेवर मिळतो, केळी-संत्रीही मिळतात. मध्यम केळ्यात जेलइतकीच साखर असते. आम्ही ठरवलं, पहिले पाच तास दर अर्ध्या तासाला जेल. त्यापुढे तासाला एकच जेल आणि उरलेले पंचवीस ग्रॅम केळं, बटाटा किंवा सरबतातून. सरबताचं आमचं माप असं: अर्धा लिटर पाणी, सात सपाट चमचे साखर, पाऊण ग्रॅम मीठ म्हणजे चमच्याचा आठवा हिस्सा, आणि लिंबू. सुमारे सहा टक्क्यांचं द्रावण होतं आणि तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम मिळतं. दीडशे रुपयांची पुडी परवडत नसेल तर सरावाचे निम्मे रविवार यावर निघतात. शेंगदाण्याची चिक्की मात्र मी बाद केली. दाण्याचं तेल जठर मंद करतं. ताईंना वाईट वाटलं.

शेवटचे तीन आठवडे धावणं कमी करायचं असतं, टेपर म्हणतात तो. बहुतेक जण इथे जेलही बंद करतात, कारण लांब पल्ला नाही. दहा दिवसांत आतड्याची सवय उतरू लागते, म्हणून ताईंनी आठवड्यातून दोनदा, तासाभराच्या सावकाश धावण्यातही दोन जेल घेणं सोडलं नाही. पेटी अर्थातच तीच, पुण्याहून नेलेली.

आता मीठ. याबाबत धावणाऱ्यांमध्ये जेवढी श्रद्धा आहे, तेवढा पुरावा नाही. पायात वांब आला की मीठ कमी पडलं, हे सगळ्यांना पाठ आहे. दक्षिण आफ्रिकेतच मार्टिन श्वेलनस यांनी वांब आलेल्या आणि न आलेल्या स्पर्धकांचं रक्त तपासलं, तर सोडियममध्ये सांगण्यासारखा फरक दिसला नाही. थकलेल्या स्नायूला जाणाऱ्या मज्जातंतूच्या संदेशातला गोंधळ हे कारण आज जास्त पटतं. म्हणूनच सरावात न केलेला वेग शर्यतीत ठेवला की वांब येतात, आणि थांबून स्नायू ताणला की सुटतात. लोणच्याचं पाणी प्यायल्यावर दीड मिनिटात वांब जातो, असं एका प्रयोगात दिसलंय. पण दीड मिनिटात मीठ रक्तात पोचत नाही, तेव्हा तो झटका आंबट चवीने घशातून मज्जासंस्थेला मिळत असावा.

मग गोळ्या घ्यायच्याच नाहीत का? घ्याव्यात, पण कशासाठी ते कळून. घामाच्या एका लिटरमध्ये काहींच्या दोनशे तर काहींच्या दीड-दोन हजार मिलिग्रॅम सोडियम असतं. टी-शर्टवर मिठाचे पांढरे नकाशे उमटणारे दुसऱ्या टोकाचे. दहा-बारा तास घाम गाळताना थोडं मीठ परत दिलं तर तहान टिकते, प्यायलेलं पाणी अंगात ठरतं, आणि गोड तोंडाला विसावा मिळतो. सगळं भरून काढायची गरज नसते, शरीरात साठा बराच असतो.

किती घाम येतो ते घरी मोजता येतं. ताईंनी एप्रिलमध्ये तासभर पळण्याआधी वजन केलं: ५८.४. पळताना ४०० मिलिलिटर पाणी प्यायल्या. अंग पुसून पुन्हा वजन: ५७.६. आठशे ग्रॅमची घट आणि चारशे पाणी, म्हणजे तासाला १.२ लिटर घाम. हा आकडा डर्बनला जसाच्या तसा नेला असता तर घोटाळा झाला असता. तिथे जून म्हणजे हिवाळा, पहाटे चांगलाच गारठा असतो. म्हणून पहाटे चारला, लोणावळ्याच्या थंडाव्यात पुन्हा मोजलं, तर पाऊण लिटर निघालं. ठरलं ते असं: तासाला साधारण अर्धा लिटर पाणी, पण तहानेप्रमाणे कमी-जास्त. दोनशे मिलिग्रॅम सोडियमची एक गोळी तासाला, ती जेलच्या पाण्यासोबत आणि न चावता. जेल आणि बटाट्यातलं मीठ धरून तासाला तीनशेच्या घरात. ज्यांना रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी हा हिशेब डॉक्टरांसमोर बसून करावा. मधुमेह असेल तर जेलचाही.

आणि आता नोक्स यांची घंटा. १९८१ च्या कॉम्रेड्समध्ये एक धावणारी बाई शेवटच्या टप्प्यात भ्रमिष्टासारखी वागू लागली आणि नंतर बेशुद्ध झाली. तिच्या अंगात पाणी कमी नव्हतं, जास्त होतं. तहानेपलीकडे पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम पातळ झालं होतं. अशा रुग्णांवर नोक्स आणि सहकाऱ्यांचा लेख १९८५ मध्ये आला. पुढे २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर तेरा टक्क्यांचं सोडियम कमी निघालं, आणि त्याच्याशी सर्वांत जास्त जुळणारी गोष्ट होती धावताना वाढलेलं वजन. धावून वजन वाढतं, हे वाचून पुन्हा वाचावंसं वाटतं, पण सावकाश पळणाऱ्या आणि प्रत्येक स्टॉलवर थांबून पिणाऱ्यांच्या बाबतीत ते खरोखर होतं. थकलेलं शरीर लघवी रोखून धरतं आणि पाणी साचत जातं.

इथे मिठाची गोळी खोटा दिलासा देते. बादलीभर पाण्यात चिमूटभर मीठ टाकून ते खारट होत नाही, उलट गोळी घेतली म्हणून माणूस निर्धास्तपणे आणखी पितो. ओळखायचं कसं? तोंड कोरडं, लघवी गडद, वजन उतरलेलं, तर पाणी कमी पडलंय. पण मळमळ आणि डोकेदुखीसोबत बोटं सुजली असतील, घड्याळाचा पट्टा रुतत असेल, पोटात पाणी डुचमळत असेल, तर आणखी पाणी पाजू नये. बोलण्यात गोंधळ दिसला तर थेट वैद्यकीय तंबू गाठावा. आणि दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेनची गोळी वाटेत घेऊ नये. ती आतड्यालाही त्रास देते आणि पाणी बाहेर टाकण्याच्या कामातही आड येते. ताईंना मी एकच खूण सांगून ठेवली होती: डाव्या हातातली अंगठी दर दोन तासांनी फिरवून बघायची.

त्या वर्षी शर्यत वरच्या दिशेने होती. पहाटेच्या अंधारात डर्बनहून निघून काउइज हिल, फील्ड्स हिल, बोथाज् हिल. गेल्या वर्षी जिथे बसल्या होत्या ती जागा त्यांना ओळखू आली नाही, कारण चढ आता उतार झाला होता. ड्रमंडपर्यंत दहा जेल गेल्या होत्या आणि वहीच्या भाषेत मळमळ १. इंचांगाच्या चढावर चालत त्यांनी पहिला बटाटा खाल्ला. सातव्या तासात पोट वर आल्यासारखं झालं, तेव्हा एक जेल सोडली, पंधरा मिनिटं वेग उतरवला, पाण्याची पिशवी दाताने फोडून चार घोट घेतले आणि पुन्हा अर्ध्या केळ्याने सुरुवात केली. शेवटचा मोठा चढ पॉली शॉर्ट्स, ८० किलोमीटरच्या आसपास. तिथे जेल नकोशी झाली होती, म्हणून स्टॉलवरचा कोक घेतला. तासाला पन्नासचं ठरलेलं, प्रत्यक्षात सरासरी चव्वेचाळीस पडले. अकरा तास बावीस मिनिटं.

संध्याकाळी हॉटेलवर काट्यावर उभ्या राहिल्या. सकाळी ५८.६, आता ५७.५. मला फोन करून आकडे सांगितले आणि म्हणाल्या, "दादा, अंगठी सैल आहे हां. आता मात्र मला दोन दिवस काही गोड सांगू नका."